कमजोर पाय डावा, मग भाजला उजवा कसा?

प्रश्न

माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. चार महिन्यांपूर्वी तो उंचावरून पडला आणि पाठीत, कण्याच्या जरा डावीकडे, टोकदार सळई घुसली. तेव्हापासून डावा पाय कमजोर आहे, उजवा धडधाकट. पण मागच्या आठवड्यात गरम पाण्याच्या पिशवीने त्याची उजवी पोटरी भाजली, फोड आले, आणि त्याला कळलंच नाही! डाव्या पायाला तीच पिशवी लगेच चटका देते. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलंय, ‘डाव्या पायात कंपनाची व सांध्याच्या स्थितीची जाण नाही, उजवीकडे टी-१० पासून खाली वेदना व तापमानाची जाण नाही.’ एमआरआयमध्ये मात्र इजा टी-६ मणक्यापाशी दाखवली आहे. बाजू आणि आकडे लिहिताना चूक झाली आहे का? की आता त्याचा चांगला पायही जाणार?

— एक बहीण

उत्तर

ताई, आधी त्या पोटरीचं बघू. फोड फोडू नका आणि जखम डॉक्टरांना दाखवून घ्या, भाऊ ‘मला काही होत नाही’ म्हणाला तरीही. जिथे दुखतच नाही तिथे भाजणं किती खोल गेलंय हे त्याला सांगता येणार नाही, आणि पुढे पू झाला तरी ठणका लागणार नाही. तिथली लाली पसरते आहे का, सूज वाढते आहे का, हे रोज डोळ्यांनीच बघावं लागेल.

आता कागदाचं. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या गोष्टी एकमेकींशी जुळतात. ना बाजू चुकल्या आहेत, ना आकडे. आणि उजवा पाय आता जाऊ लागला आहे असंही नाही. उजवीकडची वेदनेची जाण डिस्चार्जच्या दिवशीच नव्हती, कागदावर ती नोंद आहे. चार महिने ती तशीच होती. पिशवीमुळे फक्त उघडकीला आली. त्या पायाची ताकद चांगली असल्यामुळे तो निरोगी आहे असं घरातल्या सगळ्यांनी धरलं, त्यानेही धरलं. यात तुमची चूक नाही. हे घरच्यांना समजावून सांगायला हवं होतं, आणि बहुतेक वेळा ते राहून जातं.

एकाच जागी झालेली इजा दोन पायांत दोन वेगळ्या गोष्टी का हिरावते, हे कळायला एका पायाच्या अंगठ्यापासून निघू. तुमच्या भावाचा डावा अंगठा घ्या. तिथून मेंदूकडे अनेक प्रकारच्या खबरा जातात, पण इथे आपल्याला दोनच गट पुरे. पहिल्या गटात नेमका स्पर्श, कंपन आणि सांधा कुठल्या दिशेला वळलाय याची जाण येते. दुसऱ्या गटात वेदना, गरम आणि गार. पायातून कण्यापर्यंत दोन्ही गट एकाच नसेतून, शेजारी शेजारी येतात. पहिल्या गटाचे तंतू जाड असतात, त्यांच्यावर चरबीयुक्त आवरण असतं, आणि त्यांच्यातून खबर सेकंदाला ५० मीटरच्या आसपास वेगाने धावते. वेदनेचे तंतू बारीक. त्यातले सगळ्यात बारीक तर सेकंदाला साधारण एकच मीटर. म्हणूनच पाय कशावर आपटला की ‘आपटला’ हे लगेच कळतं आणि खोल, सावकाश पसरणारी कळ क्षणभराने येते. हे तुम्हीही अनुभवलं असेल.

मज्जारज्जूत शिरल्यावर मात्र त्यांची ताटातूट होते, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच ताटातुटीत आहे.

जाड तंतू आत शिरतात आणि कुठेही न थांबता, आहेत त्याच बाजूने, मज्जारज्जूच्या मागच्या भागातून सरळ वर चढतात. या मागच्या गठ्ठ्याला डॉर्सल कॉलम म्हणतात. डाव्या अंगठ्याचा तंतू डाव्या डॉर्सल कॉलममधूनच जातो. मला विद्यार्थिदशेपासून याचं नवल वाटत आलंय, की अंगठ्यापासून मानेच्या वर मेंदूच्या बुंध्यापर्यंतचं हे सगळं अंतर एकच पेशी आपल्या एका सलग तंतूने पार करते. उंच माणसात ती लांबी दीड मीटरच्या घरात जाते. बुंध्यात, म्हणजे मेड्युलात, पोचल्यावर ती खबर दुसऱ्या पेशीच्या हाती देते, आणि ती दुसरी पेशी तिथे बाजू बदलून उजवीकडे जाते. पुढे थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या आतलं संवेदनांचं ठाणं, आणि मग उजव्या मेंदूचा पृष्ठभाग. थोडक्यात, नेमक्या स्पर्शाची खबर बाजू बदलते ती अगदी वर, मज्जारज्जू संपल्यावर.

वेदनेची खबर बाजू बदलते ती खाली, मज्जारज्जूत शिरल्याशिरल्याच. मज्जारज्जूचे एकावर एक खंड धरतात, प्रत्येकातून नसांची एक जोडी निघते. बारीक तंतू आत आला की असा एखाद-दुसरा खंड वर सरकतो आणि मज्जारज्जूच्या मागच्या करड्या भागात दुसऱ्या पेशीला भेटतो. त्या दुसऱ्या पेशीचा तंतू मधल्या नलिकेच्या पुढून, थोडा तिरपा चढत, पलीकडच्या बाजूला जातो आणि तिथून पुढच्या-कडेच्या भागातून थॅलॅमसकडे निघतो. हा स्पायनोथॅलॅमिक मार्ग. म्हणजे डाव्या अंगठ्याला टोचलेल्या टाचणीची खबर पाठीच्या मध्यापर्यंत येईस्तोवर कधीच उजव्या बाजूला गेलेली असते.

आता सळईची जागा डोळ्यांसमोर आणा. पाठीच्या मध्यावर, मज्जारज्जूच्या फक्त डाव्या अर्ध्या भागात. त्या अर्ध्या भागातून कोण वर चाललं होतं? डाव्या पायाची नेमक्या स्पर्शाची आणि सांध्यांच्या स्थितीची खबर, कारण तिने अजून बाजू बदललेली नव्हती. आणि उजव्या पायाची वेदना-तापमानाची खबर, कारण ती खालीच ओलांडून डावीकडे आलेली होती. दोन वेगळ्या पायांचे दोन वेगळे प्रवासी त्या जागी शेजारी होते. एका घावात दोन्ही सापडले. डाव्या पायाच्या वेदनेची खबर मात्र त्या उंचीवर उजव्या, शाबूत अर्ध्या भागातून जात होती, म्हणून डाव्या पायाला पिशवीचा चटका बसतो.

ताकदीचा हिशोब याच धर्तीचा, फक्त खबर वरून खाली येते. मेंदूतून निघालेले हुकमाचे बहुतेक तंतू मेड्युलातच बाजू बदलतात. त्यामुळे पाठीतल्या मज्जारज्जूचा डावा अर्धा भाग डावाच पाय हलवतो, आणि तोच कमजोर झाला.

मॉरिशसमध्ये १८१७ साली जन्मलेल्या शार्ल-एदुआर ब्राऊन-सेकार यांनी १८५०च्या आसपास प्राण्यांचा मज्जारज्जू अर्ध्यापर्यंत छेदून हे दाखवलं. तोपर्यंत सगळी संवेदना मागच्या गठ्ठ्यांमधूनच वर जाते अशी समजूत जोरात होती. भावाच्या कागदांत ‘ब्राऊन-सेकार सिंड्रोम’ असे शब्द कुठे दिसले तर ते याच चित्राचं नाव आहे, दुसरा नवा आजार नव्हे.

आता तुम्हाला खटकलेले आकडे, टी-६ आणि टी-१०. टी म्हणजे छातीचा भाग, आणि आकडा त्यातला वरून क्रमांक. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकावर एक चढल्या आहेत, म्हणून एकेक सोडवू.

मज्जारज्जू कण्यापेक्षा आखूड असतो. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखालच्या पोकळीत फक्त नसांचा झुपका लोंबतो. त्यामुळे मणक्याचा क्रमांक आणि त्याच्या आतल्या मज्जारज्जूच्या खंडाचा क्रमांक जुळत नाहीत. छातीच्या भागात सहाव्या मणक्याच्या पातळीवर मज्जारज्जूचा साधारण आठवा खंड असतो. एमआरआय वाचणाऱ्याने हाडं मोजली आणि टी-६ लिहिलं. मज्जारज्जूच्या हिशोबाने घाव टी-८ला आहे.

मग तपासणाऱ्याला टी-१० का सापडलं? कारण बाजू बदलणारे तंतू आडवे नाही, तिरपे जातात. उजवीकडून टी-८ किंवा टी-९ला आत शिरलेली वेदनेची खबर पलीकडे पोचेपर्यंत खंड-दोन खंड वर चढून जाते आणि घावाच्या वरूनच निसटते. टी-१० आणि त्याखालून आलेली खबर घावापर्यंत येते तेव्हा पूर्णपणे डावीकडे गेलेली असते, आणि अडते. म्हणून उजवीकडची बधिरता घावाच्या पातळीपासून सुरू होत नाही, एक-दोन खंड खालून सुरू होते. टी-१० म्हणजे बेंबीची उंची. भावाच्या पोटावर उजवीकडे बेंबीच्या रेषेपाशी टोचणं बोथट होत असेल, तर हिशोब चोख बसला.

एक गोष्ट कागदावर नाही, पण त्याला विचारून बघा. डाव्या बाजूला, छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक आणि बेंबी यांच्या साधारण मध्यावर, पोटाला अर्धा वेढा घालणारी एक अरुंद पट्टी आहे का, जिथे स्पर्श, टोचणं, गरम-गार यातलं काहीच लागत नाही? तो टी-८चा पट्टा. तिथे आत शिरणाऱ्या नसेचं दारच तुटलंय, त्यामुळे दोन्ही गट दारातच अडले. बऱ्याचदा या पट्टीच्या लगेच वर एक अतिसंवेदनशील रेघ असते, जिथे सदऱ्याचं कापडही बोचतं. मज्जारज्जूतल्या घावाची खरी उंची ही पट्टी सांगते, बेंबीपाशी सुरू होणारी उजवीकडची बधिरता नव्हे. पट्टी इतकी अरुंद असते की मुद्दाम शोधल्याशिवाय सापडत नाही.

भाऊ कदाचित म्हणेल, ‘पण मला तर दोन्ही पायांवर हात फिरवलेला कळतो.’ हे अगदी शक्य आहे, आणि यावरून ‘डाव्या पायाची स्पर्शाची जाण शाबूत आहे’ असा निष्कर्ष काढू नका. साधा, ढोबळ स्पर्श दोन्ही मार्गांनी वर जातो. एक मार्ग तुटला तरी दुसरा ‘काहीतरी लागलं’ एवढं पोचवतो. जातो तो स्पर्शातला बारकावा.

मी शिकत होतो तेव्हा अशाच एका रुग्णाला मी कापसाने दोन्ही पायांवर तपासलं आणि ‘संवेदना सर्वसाधारण’ असं लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी माझ्या वरिष्ठांनी त्याच्या डाव्या घोट्याच्या हाडावर १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क ठेवला. त्याला फोर्क ठेवल्याचा दाब कळत होता, थरथर अजिबात नाही. उजवीकडे थरथर कळत होती, आणि तिथेच टाचणीचं टोक कुठलं आणि बोथट बाजू कुठली हे सांगता येत नव्हतं. आदल्या दिवशी मी त्याला हे दोन्ही विचारलंच नव्हतं. त्या नोंदीची मला आजही खंत वाटते, कारण दरम्यान त्या माणसाच्या उजव्या टाचेला कुणी जपलं नाही.

तुम्हाला घरी दोन साध्या चाचण्या करता येतील. भावाला डोळे मिटायला सांगा. डाव्या पायाचा अंगठा दोन बोटांनी कडेने धरा, वर-खाली धरू नका, नाहीतर दाबावरूनच त्याला दिशा कळेल. आता अंगठा थोडासाच वर किंवा खाली वळवा आणि विचारा. दहापैकी निम्म्याच वेळा बरोबर आलं, तर ते अंदाजाने आलंय. मग उजव्या पायावर दातकोरणीचं टोक आणि तिची बोथट बाजू उलटसुलट लावा, कातडीला भोक पडणार नाही एवढ्या हलक्या हाताने, आणि ‘टोचलं की नुसतं लागलं’ असं विचारा. ‘लागलं का?’ असं विचारू नका. लागल्याचं त्याला कळतंच. सुई तर अजिबात वापरू नका, बधिर कातडीवर तिची जखम कळणार नाही.

रोजच्या जगण्यात दोन्ही पायांचे नियम वेगळे ठेवावे लागतील, आणि घरात यावरूनच गोंधळ होतो. सगळ्यांचं लक्ष कमजोर डाव्या पायाकडे असतं. जपायचं आहे ते उजव्या पायाची कातडी. त्या पायाला गरम पिशवी, शेक, हीटर, मांडीवर ठेवलेला तापलेला लॅपटॉप, सगळं बंद. अंघोळीचं पाणी आधी हाताने पाहायचं. घाव छातीच्या पातळीवर असल्याने त्याचे हात पूर्ण शाबूत आहेत. अडचण असेल तर डाव्या पायाने पाहिलं तरी चालेल, तो ताकदीने कमी असला तरी गरम-गार ओळखतो. बूट घालण्याआधी आत हात घालून बघायचं, खडा राहिला तर उजवा पाय तक्रार करणार नाही. रोज झोपण्याआधी आरसा धरून उजवा तळवा बघायचा. तो पाय भावाचा जास्त भार उचलतोय, म्हणजे जास्त झिजणारा पायच न दुखणारा आहे.

डाव्या पायाचा धोका निराळा. तो कुठे ठेवलाय हे न बघता भावाला कळत नाही. उजेडात डोळे ती उणीव भरून काढतात. अंधारात, किंवा तोंड धुताना डोळे मिटले की, तोल जाईल. रात्री खोलीपासून संडासापर्यंत दिवा राहू द्या आणि मोरीत धरायला दांडा बसवून घ्या. फिजिओथेरपिस्टना मुद्दाम सांगा की डाव्या पायात ताकदीबरोबर स्थितीची जाणही गेली आहे, कारण नुसते ताकदीचे व्यायाम आणि पाऊल बघून टाकायचा सराव ही दोन वेगळी कामं आहेत.

पुढे काय, हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. मज्जारज्जूच्या अर्धवट इजांमध्ये ताकद परत येण्याच्या दृष्टीने हा प्रकार सगळ्यात आशादायक मानला जातो, आणि यातले बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात. एक संपूर्ण अर्धा भाग शाबूत असतो, शिवाय घाव क्वचितच अगदी मध्यरेषेपर्यंत नेमका असतो. डावीकडेही काही तंतू वाचलेले असतात. उजवीकडची वेदना-तापमानाची जाण मात्र ताकदीइतकी परत येईलच असं धरून चालू नका. पाय चालता झाला म्हणून उजव्या पायाचे नियम सैल करू नका.

आणि एक विचित्र वाटणारी गोष्ट होऊ शकते. ज्या उजव्या पायाला टाचणी कळत नाही, तोच काही महिन्यांनी आपोआप जळजळू लागतो. भाऊ असं म्हणाला तर त्याला खोटं पाडू नका आणि ‘जाण परत आली’ म्हणून आनंदही मानू नका. वेदनेचा हा मार्ग तुटल्यावर मेंदूत अशा वेदना उठू शकतात. शल्यचिकित्सकांनीही हा धडा घेतलाय. १९१२ साली स्पिलर आणि मार्टिन या अमेरिकी डॉक्टरांनी असह्य वेदनेवर हाच स्पायनोथॅलॅमिक मार्ग मुद्दाम, दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध अंगाला, छेदल्याचं प्रसिद्ध केलं. दुखणं थांबत असे आणि स्पर्श राहत असे. पण महिन्या-वर्षांनी पुष्कळांची वेदना परत येई, कधी नव्या जळजळीच्या रूपात. म्हणून ही शस्त्रक्रिया आज मुख्यतः कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या, एकाच बाजूच्या वेदनेसाठी राखून ठेवतात. भावाच्या जळजळीवर औषधं असतात. ती लागली तर डॉक्टरांकडे मागा.

‘चांगला पायही जाईल का’ ही तुमची भीती पिशवीच्या चटक्यावरून खरी ठरत नाही. पण खऱ्या धोक्याची खूण वेगळी आहे, ती माहीत असू द्या. इजेनंतर महिन्यांनी किंवा वर्षांनी काही जणांच्या मज्जारज्जूत घावाच्या जागी पाण्याने भरलेली पोकळी तयार होते आणि ती वर-खाली वाढते. ती मध्यावर असल्याने तिच्या वाटेत सगळ्यात आधी येतात ते बाजू ओलांडणारे वेदनेचे तंतू. त्यामुळे स्पर्श जागेवर राहून टोचण्याची आणि गरम-गारची जाण वर सरकत जाते, पुष्कळदा दोन्ही बाजूंना. उजवीकडची रेषा बेंबीच्या वर चढू लागली, डाव्या कुशीलाही गरम कळेनासं झालं, हातांत बधिरता आली, खोकला-शिंकेबरोबर पाठीत नवी कळ येऊ लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा आणि एमआरआय पुन्हा करण्याबद्दल विचारा. दोन्ही पाय अचानक ढिले पडले किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रेषा सरकली की नाही हे आठवणीवर सोडू नका. या आठवड्यातच भावाला उताणं झोपवा, दातकोरणीने उजव्या मांडीपासून वर येत जा, आणि ‘आता टोचलं’ असं तो म्हणेल तिथे पेनाने खूण करा. डाव्या बाजूची अरुंद पट्टीही अशीच आखा. बेंबी दिसेल असा फोटो काढा, त्यावर तारीख घाला, आणि दर महिन्याला त्याच पद्धतीने पुन्हा करा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना हे फोटो बरोबर न्या.